वरची भिंत कशावर बसणार?

कराडजवळच्या एका बांधकामावर पाया खोदताना मुकादमाने मला एक प्रश्न विचारला होता. त्या दिवसाला वर्ष उलटले, तरी तो माझ्या मनातून जात नाही. खाली दुकाने आणि वर दोन मजले राहण्यासाठी, अशी ती इमारत होती. तिची लांबी रस्त्याच्या कडेने चाळीस फूट होती आणि खोली अडतीस फूट. आठ खड्डे खोदून झाले होते. पहिल्या मजल्याचा नकाशा हातात धरून मुकादम म्हणाले, "साहेब, ही बेडरूमची भिंत खाली कशावर बसणार?"

मी दोन्ही मजल्यांचे नकाशे एकावर एक ठेवून उन्हात धरले, आणि मला उत्तर देता येईना. मालकांना एकवीस फुटांचे सलग दुकान हवे होते, म्हणून दर्शनी ओळीत कॉलम शून्य, एकवीस आणि चाळीस फुटांवर होते. वरच्या खोल्यांच्या भिंती मात्र तेरा आणि सत्तावीस फुटांवर होत्या, आणि वरच्या मजल्यांचे कॉलम त्या भिंतींच्या कोपऱ्यांतून निघत होते. म्हणजे तेरा फुटांवरचा कॉलम खाली पायापर्यंत न जाता एकवीस फुटी बीमच्या पोटावर उभा राहणार होता. आम्ही त्याला तरंगता कॉलम म्हणतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या मुलखाने सोसला, तिथे असा कॉलम काढणे मला अक्षम्य वाटते. तरीही त्या नकाशावर सही माझीच होती. वरच्या खोल्या मालकांनी नंतर बदलून घेतल्या होत्या आणि संगणकाने त्या बीमचे गणित जमवून दिले होते. बीममध्ये सळई वाढवली की गणित जमते, पण कॉलमची वाट तुटलेलीच राहते, हे मला तेव्हाच दिसायला हवे होते.

मी काम थांबवले आणि मालकांना बोलावून घेतले. त्यांना समजावे म्हणून मी एकाच बीमचा हिशोब मांडला. नऊ इंची विटांची भिंत प्लास्टरसह दर फुटाला साधारण चारशे किलो भरते. तेवढाच भार दर फुटाला धरला, तरी चौदा फुटांऐवजी एकवीस फुटांच्या बीममध्ये वाकवणारा जोर सव्वादोन पट होतो, कारण तो लांबीच्या वर्गाने वाढतो. बीमचा आकार तोच ठेवला तर तो खाली झुकतो सुमारे पाचपट, आणि या झुकण्यामुळेच वरच्या भिंतीला तिरक्या चिरा पडतात. चौदा फुटांना पंधरा इंच खोलीचा बीम पुरतो. एकवीस फुटांना तो दोन फुटांपर्यंत न्यावा लागतो, आणि मग दुकानात त्या बीमखालची उंची नऊ इंचांनी कमी होते.

त्यानंतर दोरी आणि चुना घेऊन आम्ही कॉलमच्या रेषा नव्याने आखल्या. लांबीत तेरा, चौदा, तेरा फूट, आणि खोलीत पंधरा, आठ, पंधरा फूट. मधल्या आठ फुटांत जिना, बोळ आणि संडास-बाथरूम एकमेकांवर बसतात, म्हणून त्या पट्ट्यापासूनच आखणी सुरू केली. समोरचे पंधरा फूट दुकानांना मिळाले. दर्शनी कॉलम शटरांच्या मध्ये आणि मागचे कॉलम दुकानाच्या पाठभिंतीत गेल्यामुळे दुकानात एकही खांब आला नाही. मालकांची भीती त्या खांबाचीच होती. एक मोठे शटर जाऊन दोन लहान शटरे येणार, एवढाच त्यांचा तोटा होता. भूकंपरोधक बांधणीसाठी कॉलम किमान बारा इंचांचा लागतो, त्यामुळे तो नऊ इंची भिंतीतून तीन इंच बाहेर येतो. हा फुगवटा घालवण्यासाठी लोक नऊ इंची कॉलमचा हट्ट धरतात, आणि ठेकेदार तो पुरवतातही. मी फुगवटे जिना आणि बोळाच्या बाजूला घेतले.

खोदलेले खड्डे बुजवणे हे त्या दिवसाचे सर्वांत त्रासदायक काम ठरले. कॉलमखालच्या नव्या फूटिंगची कड जुन्या खड्ड्याच्या सैल भरावावर गेली, तर ती बाजू खचते. अशा तीन ठिकाणी भराव काढून तळापर्यंत कमी सिमेंटच्या मिश्रणाचे काँक्रीट भरायला लावले. ठेकेदार वैतागले, पण मुकादमांनी ओळंबा हातात धरून प्रत्येक कॉलमचा मध्य स्वतः तपासला.

आखणी पूर्णपणे मात्र जमली नाही. दुसऱ्या मजल्यावरची कपाटामागची साडेचार इंची भिंत बीमच्या रेषेपासून दीड फूट सरकलेलीच राहिली, कारण तिथे मालक ऐकेनात. तिच्याखाली स्लॅबमध्ये जादा सळई घातली आहे. त्या बाजूने गेलो की मी वर जाऊन त्या भिंतीचा तळ आणि खालच्या छताचे प्लास्टर पाहतो.