दक्षिणेला सहा पायऱ्या, उत्तरेला चार

फ्लॉरेन्सहून पिसाला जायला साधारण तासभर लागतो. गाडीत आई खिडकीतून शेतं बघत होती. सपाट, ओली, मध्येमध्ये पाण्याचे चर असलेली जमीन. "आपल्या पेण-उरणकडची खाजणं वाटतायत," ती म्हणाली, आणि मला हसू आलं. माझी निम्मी नोकरी नवी मुंबईच्या खाडीकाठी बोअरिंगचे नमुने बघण्यात गेली आहे. नळी वर येते आणि आतून काळपट, चिकट, बोट खुपसलं तर आरपार जाईल असा गाळ बाहेर पडतो. पिसाच्या खाली असंच काहीतरी आहे हे मला वाचून माहीत होतं. आईने ते खिडकीतून ओळखलं.

झुकता मनोरा पहिल्यांदा दिसतो तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटतं. चित्रात असतो तेवढाच तो कललेला असतो, पण चित्रात त्याचं वजन कळत नाही. इथे साडेचौदा हजार टन संगमरवर, दगड आणि चुना समोर उभा असतो, आणि हिरवळीवर शेकडो माणसं हवेत हात धरून त्याला टेकू देत असतात. आईनेही दिला. फोटोत तिचा हात मनोऱ्याच्या दोन फूट पलीकडे आला आहे.

वर चढायला पावणेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत, म्हणून आई खालीच थांबली. पिशव्या जमा करायच्या असतात, त्यामुळे मी फक्त खिशातली घराची चावी आणि दोरा आत नेला. साइटवरची जुनी खोड आहे. ओळंबा नसला की चावी टांगायची. तळमजल्यावर आत मोठी पोकळी आहे, विहिरीसारखी. तिथे उत्तरेच्या भिंतीला दोऱ्याचं टोक बोटाने दाबून धरलं आणि चावी स्थिर होऊ दिली. मीटरभर दोऱ्याच्या खाली भिंत आणि चावी यांच्यात चार-पाच बोटांचं अंतर पडलं. पहारेकऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता मान वळवली. असले लोक त्याला रोज भेटत असावेत.

जिना भिंतीच्या आतून गोल फिरत वर जातो. संगमरवरी पायऱ्या मध्यभागी झिजून खोलगट झाल्या आहेत, पण झीज दर वळणाला जागा बदलते. कारण मनोरा कललेला असल्यामुळे पाय कधी बाहेरच्या भिंतीकडे ओढले जातात, कधी आतल्या. आठशे वर्षांच्या पावलांनी कल पायऱ्यांवर लिहून ठेवला आहे. पण मला बघायची होती ती गोष्ट अगदी वर होती. सातव्या मजल्याच्या कठड्यावरून घंटाघराच्या फरशीवर जायला दक्षिणेच्या बाजूला सहा पायऱ्या आहेत आणि उत्तरेच्या बाजूला चार. मी दोन्हीकडे जाऊन मोजल्या. चौदाव्या शतकात घंटाघर बांधणाऱ्या गवंड्यांनी कललेल्या मनोऱ्यावर ते जमेल तितकं सरळ बसवायचा प्रयत्न केला, त्या दोन जादा पायऱ्या म्हणजे त्यांची दुरुस्ती. म्हणजे मनोरा बांधून झाल्यावर कलला नाही. तो कलतच बांधला गेला.

काम ११७३ साली सुरू झालं. पाया जेमतेम तीन मीटर खोल आणि साडेएकोणीस मीटर व्यासाचा. खाली दहाएक मीटर नदीने आणलेली वाळू आणि गाळ, त्याखाली चाळीस मीटर खोलीपर्यंत समुद्राच्या तळाची मऊ चिकणमाती, आणि मग कुठे घट्ट वाळू. वरच्या थरातला दक्षिणेकडचा भाग जरा जास्त दबणारा. आमच्याकडे एवढ्या भाराला अशा जमिनीत कुणी पाइल, म्हणजे घट्ट थरापर्यंत जाणारे खांब, टाकल्याशिवाय हात लावणार नाही. पाच वर्षांत चौथ्या मजल्यापर्यंत पोचून काम थांबलं, आणि ते जवळजवळ शंभर वर्षं थांबून राहिलं. १२७२ साली पुन्हा सुरू झालं आणि १२७८ साली सातव्या मजल्याशी पुन्हा थांबलं. घंटाघर त्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी चढलं.

या खंडांनी मनोरा वाचवला. मऊ चिकणमातीवर भार टाकला की आधी मातीतलं पाणी तो भार पेलतं. पाणी हळूहळू निघून जातं तशी माती दबते आणि दबल्यामुळेच घट्ट होते. पण चिकणमातीतून पाणी निघायला वर्षं लागतात. सगळे मजले एका दमात चढवले असते तर खालची माती फाटून मनोरा बांधता बांधताच आडवा झाला असता, असं हिशेब सांगतो. शंभर वर्षं माती मुरली, म्हणून पुढचं वजन तिने पेललं. गंमत म्हणजे काम पुन्हा सुरू झालं तेव्हा मनोरा किंचित उत्तरेकडे झुकलेला होता. उंची वाढली तसा तो दक्षिणेकडे वळला, आणि पुढे कधी परतला नाही. आजवर तो सरासरी तीन मीटर जमिनीत खचला आहे.

खाली उतरल्यावर आईने लगेच विचारलं, "मग पडला का नाही गं एवढ्या वर्षांत?"

मी तिला गादीवर उभ्या केलेल्या डब्यांची गोष्ट सांगितली. गादीवर एकावर एक डबे रचत गेलं तर एका उंचीपर्यंत ते उभे राहतात. त्यापुढे एक डबा चढवला की सगळी चळत कलते, मग डबे कितीही काटेकोर रचलेले असोत. गादी फाटलेली नसते, ती नुसती मऊ असते. कलामुळे एका बाजूला दाब वाढतो, दाबाने त्या बाजूची गादी आणखी बसते, त्याने कल आणखी वाढतो. पिसाचा मनोरा या टोकाच्या उंचीवर उभा होता. शेवटी पाया साडेपाच अंशांनी कलला होता, आणि वरचा भाग खालच्याच्या साडेचार मीटर पुढे आला होता.

अशा वस्तूला हात लावायचा म्हणजे काय, हे दोनदा कळून चुकलं होतं. १८३८ साली एका वास्तुविशारदाला वाटलं की जमिनीत गेलेला पायथा लोकांना दिसावा. त्याने भोवती चर खणून चालायची वाट केली. दक्षिणेला चर भूजलाच्या खाली गेला, पाणी आत आलं आणि मनोरा सुमारे अर्धा अंश कलला. मग १९३४-३५ साली मुसोलिनीच्या राजवटीत पायाला ३६१ भोकं पाडून आत सिमेंट भरलं. मनोरा सरळ होण्याऐवजी पुन्हा दक्षिणेला सरकला. मातीकाम करणाऱ्याला यात नवल नाही. तोल गेलेल्या माणसाच्या पायाखालची सतरंजी कुणी ओढत नाही.

१९८९ मध्ये पाविया गावातला जुना मनोरा कुठलीही पूर्वसूचना न देता कोसळला, चार माणसं गेली. पिसाचा मनोरा जानेवारी १९९० मध्ये बंद झाला आणि मिखाल जामिओल्कोव्स्की यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात लंडनचे जॉन बरलँड होते. जुनी मोजमापं चाळताना एक उलटी गोष्ट दिसली. सगळे धरून चालले होते की दक्षिणेचा पाया खाली जातो आहे. प्रत्यक्षात उत्तरेचा पाया वर उचलला जात होता. म्हणजे काम उत्तरेला करायचं होतं, जिकडे कुणी बघत नव्हतं.

१९९३ साली उत्तरेच्या पायावर काँक्रीटचं कडं घालून त्यावर सहाशे टन शिशाच्या लाद्या रचल्या. दिसायला भयंकर, पण मनोरा किंचित मागे आला. मग कुणालातरी ते शिसं डोळ्यांत खुपायला लागलं, आणि त्याऐवजी जमिनीत खोल पक्के नांगर रोवून पाया खाली खेचायचं ठरलं. त्यासाठी भूजलाच्या खाली खणायचं, म्हणून माती द्रव नायट्रोजनने गोठवायला घेतली. सप्टेंबर १९९५ मध्ये मनोरा एका रात्रीत वर्षभरात सरकतो तितका दक्षिणेकडे गेला. काम थांबवलं, शिसं नऊशे टनांवर नेलं.

शेवटी जे केलं ते ऐकून आईचा विश्वास बसेना. उत्तरेच्या बाजूने, पायाच्या खालून, माती काढली.

"खालून माती काढून पडणारी वस्तू सावरतात?"

जिकडे वर उचललं गेलं आहे तिकडची माती काढली की तो भाग खाली बसतो. पण ती पायाच्या आत फार दूरपर्यंत जाऊन काढली तर उलट परिणाम होतो आणि मनोरा आणखी दक्षिणेला जातो. ही मर्यादारेषा कुठे आहे ते आधी चौकातच सात मीटर व्यासाचा काँक्रीटचा पाया ओतून, त्याच्याखालून माती काढून ताडून पाहिलं होतं. मनोऱ्याला उत्तरेकडे दोन लांब पोलादी दोरांनी बांधून ठेवलं, न जाणो. १९९९ च्या फेब्रुवारीत आधी बारा तिरप्या नळ्या घातल्या. नळीच्या आत स्क्रूसारखा फिरणारा गिरमिट, तो फिरवत माती बाहेर ओढायची, नळी थोडी मागे घ्यायची, मागे राहिलेली पोकळी वरच्या भाराने हळूच मिटते. सुरुवातीला एका वेळी वीस लिटर, म्हणजे बादलीभर. मोजमाप घ्यायचं, कागदावर मांडायचं, मग दुसरी बादली. मनोरा उत्तरेकडे येऊ लागला, तेव्हा पुढच्या वर्षी एक्केचाळीस नळ्या घातल्या.

सगळी मिळून अडतीस घनमीटर माती निघाली. आमच्या हिशेबात साडेतेरा ब्रासच्या आत. इमारतीचा साधा पाया खणतानाही याच्या कितीतरी पट माती जाते. तेवढ्याने पाया अर्धा अंश मागे आला आणि माथा सुमारे चव्वेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे मनोरा १८३८ च्या आधीच्या जागी गेला. नंतर भूजल उत्तर-दक्षिण सारखं राहावं म्हणून निचऱ्याच्या वाहिन्या घातल्या, कारण जोराच्या पावसात उत्तरेकडे पाणी चढून पायाला ढकलायचं. शिसं काढलं. डिसेंबर २००१ मध्ये लोक पुन्हा आत गेले, आणि काही वर्षांनी मोजणीत मनोरा थांबल्याचं दिसलं.

"पण एवढं केलं तर सरळच का नाही करून टाकला?" आईने विचारलं. मी म्हटलं, मग हे लोक फोटो कशाचे काढणार. तिला ते पटलं नाही. तिच्या मते अर्धवट काम.

संध्याकाळी आर्नो नदीच्या बाजूने स्टेशनाकडे चालत निघालो. सान निकोला चर्चचा अष्टकोनी मनोरा वाटेत लागला. तोही कललेला आहे. थोडासाच, पण आहे. खाली दोन सायकली टेकवलेल्या होत्या आणि फोटो कुणी काढत नव्हतं. जमीन तीच, उंची कमी. आई थांबून बघत राहिली, मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाली, "काढ गं ती तुझी चावी."