आधी दिवस ठरवा, मग मेल लिहा

तुम्ही विचारलंत म्हणून: "पुण्यातल्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय, पण त्यात पाचही दिवस ऑफिस लिहिलंय. आई-बाबा लातूरला दोघंच असतात. दोन दिवस घरून काम मागायचंय. मेल कसा लिहू? आणि मागितलं म्हणून ऑफर तर जाणार नाही ना?"

मेलच्या शब्दांआधी कॅलेंडर काढा. नुसतं 'दोन दिवस घरून' मागितलं आणि कंपनीनं मंगळवार-गुरुवार दिले, तर कोथरूडच्या माणसाची सोय होईल, तुमची नाही. लातूर-पुणे अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सात-आठ तास. मधल्या एका दिवसासाठी कुणी जात-येत नाही. म्हणून शनिवार-रविवारला चिकटलेले दिवस मागायचे, आणि नाव घेऊन मागायचे: गुरुवार आणि शुक्रवार. बुधवारी ऑफिस सुटल्यावर रात्री गाडी, गुरुवारी सकाळी घरी, रविवारी रात्री परत. आठवड्यातून एकच फेरी आणि चार दिवस घरी. शुक्रवार-सोमवार मिळाले तरी हिशेब तोच बसतो, गुरुवारी रात्री निघून सोमवारी रात्री परतायचं.

आता खर्च. पुण्यात आठवड्यात दोनच रात्री राहिलात तरी कॉटचं भाडं महिन्याचं पूर्ण लागतं. त्यावर महिन्याला चार फेऱ्या, म्हणजे आठ तिकिटं. तिकीट सरासरी ९०० रुपये धरलं तर ७,२०० झाले, आणि सणासुदीच्या रविवारी रात्री ते त्या भावात मिळत नाही. हे जड वाटलं तर दुसरी मागणी मनात तयार ठेवा: दर महिन्याला सलग एक आठवडा घरून. शुक्रवारी रात्री निघायचं आणि पुढच्या शुक्रवारनंतरच्या रविवारी रात्री परत. एका फेरीत नऊ दिवस घरी, आणि कंपनीच्या दृष्टीनं महिन्यात फक्त पाच दिवस ऑफिसबाहेर. आठवड्याला दोन दिवस म्हणजे महिन्याचे आठ-नऊ होतात, त्यामुळे मॅनेजरला दुसरी मागणी सोपी वाटते. नांदेड-परभणीच्या माणसानं तर पहिल्यापासून हीच मागावी असं माझं मत. उलट छत्रपती संभाजीनगरचा माणूस पाच-सहा तासांत घरी पोचतो, त्याला एकटा शुक्रवारही पुरतो.

वेळेचं म्हणाल, तर ऑफर हातात आल्यावर आणि तुम्ही 'स्वीकारली' म्हणण्याआधी. मुलाखतीत विषय काढला तर तुम्ही हवे आहात हे अजून ठरलेलं नसतं. सही करून पाठवल्यावर काढला तर तो शब्द फिरवल्यासारखा दिसतो. मधले दोन-तीन दिवस तुमचे असतात. समजा ऑफर मंगळवारी संध्याकाळी आली आणि उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय. बुधवारी सकाळी मेल गेला पाहिजे, कारण एचआरला तो मॅनेजरपुढे ठेवायला एक दिवस लागतो. शुक्रवारी दुपारी पाठवलात तर मुदत संपायच्या घाईत 'पॉलिसीप्रमाणे' एवढंच उत्तर येतं. आणि हे सगळं मिटेपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

मेल ज्यांनी ऑफर पाठवली त्यांनाच, त्याच मेलला उत्तर म्हणून. व्हॉट्सॲपवर मागणी करू नका. 'मेल पाठवलाय, वेळ मिळाला की बघा' एवढी ओळ टाकली तर चालेल. मेल इंग्रजीत जाईल, पण मुद्दे नीट दिसावेत म्हणून इथे मराठीत देतो. चार वर्षं टेस्टिंगचा अनुभव असलेली मुलगी आणि खराडीतलं ऑफिस धरून:

"नमस्कार,

ऑफरबद्दल मनापासून आभार. काम आणि टीम दोन्ही आवडलं, आणि ठरलेल्या तारखेला रुजू व्हायची माझी तयारी आहे.

एक विनंती आहे. सोमवार ते बुधवार खराडी ऑफिसमधून आणि गुरुवार-शुक्रवार लातूरच्या घरून काम करता येईल का? आई-वडील तिथे असतात. पहिले चार आठवडे मी पाचही दिवस ऑफिसला येईन, म्हणजे काम आणि माणसं समजतील. रिलीजच्या आठवड्यात किंवा गरज पडेल तेव्हा दोन दिवस आधी कळवल्यास ऑफिसला येईन. घरी फायबर कनेक्शन, दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट आणि इन्व्हर्टर आहे.

मॅनेजरशी बोलून उद्या संध्याकाळपर्यंत कळवता आलं, तर शुक्रवारच्या मुदतीत मी उत्तर देऊ शकेन. फोनवर बोलायचं असेल तर उद्या दुपारी मोकळी आहे.

आभार."

यात प्रत्येक ओळ कामाची आहे, म्हणून वाढवायचा मोह झाला तर आवरा. सगळ्यात जास्त मेल बिघडतात ते पहिल्याच वाक्यात. मागणीच्या जागी प्रश्न येतो: 'तुमच्याकडे वर्क फ्रॉम होम आहे का?' प्रश्नाला एचआर पॉलिसीतून उत्तर देते. पॉलिसीत नाही, म्हणजे नाही, विषय संपला. ठरावीक दिवसांची विनंती मात्र तिला मॅनेजरकडे न्यावी लागते, आणि अपवाद करायचा अधिकार बहुतेक वेळा त्याच्याकडेच असतो.

दुसरी चूक शाळेतल्या रजेच्या अर्जाची. 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट' असं सुरू करून आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, बाबांची शुगर, भाऊ परदेशात, असं तीन परिच्छेद चालतं. वाचणाऱ्याच्या मनात एकच शंका उरते: ही मुलगी पुण्यात टिकणार आहे का? कारण एका ओळीत सांगा. त्या जागी त्यांना लागणारी माहिती द्या: ओळख व्हायच्या काळात तुम्ही ऑफिसला असाल, बोलावलं तर याल, आणि नेट बंद पडणार नाही.

नेटची ओळ शोभेची नाही. मराठवाड्यातलं घर म्हटलं की पुण्यातल्या मॅनेजरला आधी लाईट आठवते, आणि त्यात त्याची चूकही नाही. आधी घरचं कनेक्शन कसलं आहे ते बघा. खऱ्या फायबरमध्ये, म्हणजे घरातल्या डब्यापर्यंत काचेची तार आलेली असेल तर, वाटेवरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही. गल्लीतली लाईट गेली तरी घरचा डबा आणि राउटर इन्व्हर्टरवर असले की नेट सहसा चालू राहतं. गल्लीतल्या केबलवाल्यानं खांबावरच्या स्विचमधून साधी लॅनची वायर ओढून दिली असेल, तर तो स्विच लाईटीसोबत बंद पडतो आणि घरच्या इन्व्हर्टरचा काही उपयोग होत नाही. परीक्षा सोपी आहे. पुढच्या वेळी गल्लीतली लाईट जाईल तेव्हा इन्व्हर्टरवर नेट चालतं का, ते बघा. बंद पडत असेल तर कनेक्शन बदला, मग ती ओळ लिहा. १५० एएचची चांगली बॅटरी लॅपटॉप, राउटर आणि एक पंखा पाच-सहा तास सहज ओढते, पण फ्रीज किंवा टीव्ही त्याच लाईनवर नको.

पगारावरही बोलायचंय का? मग दोन्ही एकाच मेलात घ्या आणि जास्त महत्त्वाचं काय ते सांगून टाका. आधी पगार वाढवून घेतला आणि दोन दिवसांनी घरून कामाचं काढलं, की समोरच्याला वाटतं हिच्या पिशवीत अजून काय काय आहे. कुणाला पगार थोडा सोडून दिवस घ्यायचे असतील, तर तेही उघड लिहावं.

आता उत्तरं. 'हो' फोनवर आलं तर लगेच दोन ओळींचा मेल करा: आज बोलल्याप्रमाणे गुरुवार-शुक्रवार लातूरहून, पहिल्या चार आठवड्यांनंतर सुरू, कृपया याच मेलवर कळवावं. तोंडी हो मॅनेजर बदलला की त्याच्याबरोबर जातं. मेल असला तरी ते कायमचं होत नाही, हेही लक्षात ठेवा. बहुतेक ऑफर लेटरमध्ये कामाचं ठिकाण कंपनी बदलू शकते असं कलम असतंच. पण उद्या नवीन मॅनेजर आला तर बोलणं शून्यापासून सुरू होत नाही.

'प्रोबेशननंतर बघू' हे उत्तर सगळ्यात जास्त येतं. ते नाकारू नका, त्याला तारीख लावा: प्रोबेशन सहा महिन्यांचं असेल तर सहावा महिना संपताना यावर निर्णय घेऊ, असं मेलात लिहून घ्या. तोवर महिन्यातला सलग एक आठवडा मिळेल का, हे इथेच विचारायचं. मागं राखून ठेवलेली मागणी ती हीच. एकदाच विचारा.

'नाही' आलं तर कारण विचारायला हरकत नाही, वाद घालू नका. बँक किंवा विमा कंपनीचं काम असेल तर क्लायंटच माहिती बाहेर जाऊ नये म्हणून ठरावीक बंद मजल्यावरून काम करायला लावतो. तिथे मॅनेजरच्या हातातही काही नसतं. कॅम्पसमधून एकदम शे-दोनशे मुलं घेतलेल्या भरतीतही एकट्याला वेगळी सवलत मिळणं अवघड. आणि हैदराबाद-बेंगळुरूची एखादी छोटी कंपनी तुम्हाला लातूरहून पूर्ण रिमोट घ्यायला कचरत असेल, तर कारण कागदी असू शकतं. महाराष्ट्रात बसून काम करणाऱ्याचा व्यवसाय कर महाराष्ट्राला भरावा लागतो, आणि इथे आधीपासून नोंदणी नसेल तर एका माणसासाठी ती करावी लागते. पुण्याच्या कंपनीला ही अडचण नाही, लातूरही त्याच राज्यात आहे.

ऑफर जायची भीती मला फारशी पटत नाही. एक नीट, मुदतीत पाठवलेली विनंती आली म्हणून ऑफर मागे घेण्यात कंपनीचंच नुकसान. पुन्हा सगळ्या मुलाखती घ्याव्या लागतात. ऑफर हातची जाते ती मुदत उलटून गेल्यावर, किंवा नाही म्हटल्यावरही तीच गोष्ट तीनदा मांडल्यावर. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी, उत्तर काहीही आलेलं असो, तुमची एक ओळ गेलीच पाहिजे: येते, किंवा येत नाही.