लग्नाला 'त्याला' आणू नकोस, हे मैत्रिणीला सांगताना

माझ्या भावाच्या लग्नातली मंगलाष्टकं मी कार्यालयाच्या बाथरूममधून ऐकली. बाहेर अक्षता पडत होत्या आणि आत मी माझ्या मैत्रिणीच्या डोळ्यांवर पाणी मारत होते, कारण तिच्या तेव्हाच्या मित्राने पार्किंगमध्ये चारचौघांत तिला वाटेल ते बोललं होतं. त्यानंतर वर्षभराने त्यांचं तुटलं. माझं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "आम्ही आता नुसते मित्र आहोत, त्यालाही घेऊन येते." माझ्या पोटात गोळाच आला.

त्याला बोलवायचं नाही हे ठरवायला मला वेळ लागला नाही. सगळं अडलं ते सांगण्यात, आणि त्याला कारण मी केलेली एक चूक. खरं कारण न सांगता मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "अगं, ताटांचा आकडा केटररला दिलाय, तू एकटीच आलीस तर बरं होईल." दोन मिनिटांत उत्तर आलं, "त्याच्या ताटाचे पैसे मी देते ना! आणि गाडी त्याचीच आहे, मी मुंबईहून नाशिकला येऊ कशी?" मी गडबडून दुसरं कारण पुढे केलं, "घरच्यांना आवडणार नाही." तर म्हणते, "काकूंना? थांब, मी बोलते त्यांच्याशी." आणि तिने खरंच आईला फोन लावला. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं आण की, एका माणसाने काय होतंय?"

झालं! आता मी खोटी पडले होते. मैत्रिणीला वाटलं, घरच्यांचं नाव पुढे करून मी तिलाच टाळतेय. पुढचे चार दिवस माझ्या मेसेजवर निळ्या टिका यायच्या, उत्तर नाही. मी दर तासाला फोन बघायचे. एका मध्यस्थ मैत्रिणीला "तू जरा सांगून बघ" म्हणाले, तर त्याने आणखी बिघडलं, कारण आता ही गोष्ट तिसरीच्या तोंडून तिच्यापर्यंत गेली. म्हणून सांगते, सबब देऊ नका. ताटं, जागा, आजी रागावेल, यातल्या प्रत्येक सबबीवर समोरच्याकडे तोडगा असतो, आणि तोडगा निघाला की तुमच्याकडे 'नाही' म्हणायला काही उरत नाही. आणि घरच्यांना आधी कल्पना द्या, निदान आईला तरी.

पाचव्या दिवशी मी ठाण्याला तिच्या घरी गेले. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणाले, "ताटांचं मी खोटं बोलले, चुकलं माझं. दादाच्या लग्नात मी तुझ्याजवळ होते आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा येईन. पण माझ्याच लग्नात मला बोहल्यावरून उठता येणार नाही. तो आला तर माझं सगळं लक्ष तुझ्याकडे राहील. तू हवीयेस मला, तो नको." त्याच्याविषयी याहून एक शब्द जास्त बोलले नाही. तो वाईट आहे असं म्हटलं असतं तर ती त्याची बाजू घेत बसली असती.

ती बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या सगळ्या नातेवाइकांनी आम्हाला एकत्र पाहिलंय गं. एकटी आले तर जो तो विचारणार, तो कुठाय?" एवढं मोठं कारण होतं आणि मी आठवडाभर ताटं मोजत बसले होते! तिला तो हवा होता असं नाही, तिला एकटं पडायचं नव्हतं. मी तिथेच म्हटलं, "माझी करवली हो. हळदीच्या आदल्या दिवशीच ये, आमच्याच घरी राहा." ती रडली, मीही रडले.

हो, एक राहिलंच. पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं असतंच, त्यामुळे पाकिटावर तिचं एकटीचं नाव घाला. आणि हे बोलणं पत्रिका देण्याआधी करा. माझ्या बाबतीत तिने त्याला तारीख आधीच सांगून टाकली होती, त्यामुळे त्याला नाही म्हणायचं अवघड काम तिच्या गळ्यात पडलं. "मी सांगू का त्याला?" असं मी विचारलं, तेव्हा तिने साफ नको म्हटलं. ते तिचं तिनेच केलं, कसं ते मी विचारलं नाही.

ती पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडला उतरली, दादा आणायला गेला. आत्या आणि दोन्ही माम्यांना मी आधीच बजावून ठेवलं होतं, तिला काहीही विचारायचं नाही. तरी पंगतीत एका लांबच्या काकूंनी विचारलंच, "तुझ्याबरोबर तो मुलगा असायचा ना गं?" मी बोलायच्या आत आत्याने त्यांच्या ताटात जिलबी वाढली आणि म्हणाली, "ती आमची करवली आहे, आमच्याबरोबर आलीये."