विकलं, विकलं? आणि विकलं का

आमच्या काकांना मोबाइलवर प्रश्नचिन्ह सापडत नाही. सापडत असेलही, पण ते टाकायची गरज त्यांना वाटत नाही. ऐन सोयाबीनच्या दिवसांत घरच्या ग्रुपवर त्यांचा निरोप आला, 'सोयाबीन विकलं'. झालं, सगळे तुटून पडले, काय भाव लागला? काकांचा माल तर घरातच थप्पी लावून पडलेला. तुम्ही विकलं का, असं ते आम्हाला विचारत होते. तोंडानं विचारलं असतं तर कुणाचाच गोंधळ झाला नसता. नुसतं सांगायचं असेल तर 'विकलं' शेवटी खाली येऊन टेकतं, आणि विचारायचं असेल तर त्याचं शेपूट वर जातं.

पण गंमत त्या शेपटापुरती नाही. 'दादानं काल लातूरला सोयाबीन विकलं' हे वाक्य तोंड मिटून नुसतं गुणगुणून पाहा. सूर एका सरळ उतारानं खाली येत नाही. 'दादानं' खालून सुरू होऊन चढतं, 'काल' पुन्हा खालून चढतं, तसंच 'लातूरला', तसंच 'सोयाबीन'. प्रत्येक चढ आधीच्यापेक्षा थोडा बुटका, आणि क्रियापदावर सगळं खाली उतरतं.

आता समजा कुणी म्हणालं, दादानं उदगीरला विकलं म्हणे. त्याला खोडून काढताना आपण तेच शब्द त्याच क्रमानं म्हणतो, फक्त 'लातूरला' उंच उचलतो. एवढंच आपल्या लक्षात येतं. पण अर्धं काम पुढं होतं. 'लातूरला'नंतरचं 'सोयाबीन विकलं' जवळजवळ सपाट होऊन जातं. मघाचा सोयाबीनचा चढ गायब! तो चढ तसाच ठेवून बघा. ऐकणाऱ्याला वाटेल, याला लातूरबद्दलही काही सांगायचंय आणि सोयाबीनबद्दलही. एका शब्दाला उठाव द्यायचा तर त्याच्या नंतरच्यांना बसवावं लागतं.

प्रश्नासाठी आपल्याकडं सुराशिवाय 'का'ही आहे. 'विकलं का' म्हटलं की प्रश्न ठरून गेला, मग सूर मोकळा होतो आणि माणसाचा रंग दाखवायला लागतो. 'का' अलगद वर ठेवला तर ती विचारपूस. तोच 'का' खाली आपटला की बाप पोराकडं हिशेब मागतोय. आणि 'विकलंऽऽ काऽ' असं लांबवून, मध्ये सूर बुडवून पुन्हा वर काढला, की समजावं, भाव पडल्यावर विकल्याचा टोमणा आहे. 'कुठं चाललास?' मध्ये तर 'कुठं' हाच प्रश्न, त्यामुळं शेवट खुशाल खाली येतो. पारावरून असं कुणी विचारलं तर 'हे काय, इथंच' एवढं उत्तर पुरतं. पण आपण 'नांदेडला' म्हटल्यावर समोरच्यानं 'कुठंऽ?' असा सूर वर नेला, तर त्याला एक तर ऐकू आलं नाही, नाहीतर पटलं नाही.

हे कानाला कळतं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर 'प्रात' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघा अभ्यासकांनी केलेलं. आवाज रेकॉर्ड करून त्यात उघडला की सुराची रेघ दिसते. पण सोयाबीनचं वाक्य घातलं तर रेघ जागोजागी तुटते, कारण 'स', 'क' म्हणताना गळ्यातल्या स्वरतंतूंचं कंपन थांबतं आणि कंपन नाही तिथं सूर नाही. म्हणून परीक्षेसाठी 'मामीनं मुळा नेला' असलं निरर्थक वाटणारं वाक्य बरं. त्यातलं प्रत्येक अक्षर घोष, म्हणजे म्हणताना कंपन चालूच राहणारं, त्यामुळं रेघ अखंड राहते. घोगऱ्या, दबलेल्या आवाजात मात्र ती कधीकधी अचानक दुप्पट उंचीवर उडी मारते. तो प्रश्न नसतो, यंत्राची चूक असते. कानानं ऐकलं की लगेच कळतं.

दोन माणसांचे चढ ताडून पाहताना कंपनांची नुसती वजाबाकी फसवते. काकांचा सूर सेकंदाला 100 कंपनांवरून 150 वर गेला आणि काकूंचा 200 वरून 300 वर, तर आकड्यांत काकूंचा चढ दुप्पट दिसतो. पण दोघांनीही दीडपटच केलीय. पेटीवर हे अंतर सा ते प, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्या वर, आणि कानाला दोन्ही चढ सारखेच वाटतात.

टोमणा मात्र या रेघेत पुरता सापडत नाही. बुडून वर आलेला तोच सूर लेकराला लाडानं विचारतानाही निघतो. तिथं आवाज मऊ असतो, शब्द वेगळ्या वेगानं येतात, आणि मुख्य म्हणजे विचारणारा कोण हे आपल्याला माहीत असतं. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचा 'जेवलास का' वर्षानुवर्षं खालीच आपटतो. नवीन सून आधी दचकते, मग ताट वाढून घेते.