मृत्युपत्र दुपारभरात झालं, पालकत्वाची फाइल मात्र हलेना

आमचा धाकटा सव्वीस वर्षांचा आहे. बौद्धिक अपंगत्व आहे. भाजी निवडतो, दूध आणतो, पण पाचशेची नोट दिली तर सुटे किती परत यायला हवेत ते त्याला सांगता येत नाही. आमच्या पश्चात फ्लॅट आणि ठेवींचं काय, हा प्रश्न वकीलबाईंकडे नेला. त्यांनी आधी आमचा मूळ बेतच मोडीत काढला. फ्लॅट थेट त्याच्या नावावर करायचा असं आम्ही ठरवलं होतं. कायद्याने अपंगत्वामुळे कुणाचाही वारसाहक्क जात नाही, मालकी त्याला मिळालीच असती. पण करार करण्याइतकी समज नसेल तर त्याची सही चालत नाही. मग भाड्याने देणं, विकणं सगळंच अडतं, आणि कुणी गोड बोलून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला तर निस्तरायला कोर्ट आलंच.

म्हणून मृत्युपत्रातूनच विश्वस्त नेमले: थोरली लेक आणि माझा मामेभाऊ. फ्लॅटमध्ये राहायचा हक्क मुलाला तहहयात. ठेवींचं व्याज त्याच्यावरच खर्च व्हायचं, आणि फ्लॅट विकायचा झाला तर सही दोघांची. मुलाच्या पश्चात उरेल ते लेकीच्या मुलांना. लेकीवर अविश्वास नाही, पण शेवटी ज्यांच्या घरात ते जाणार त्यांच्या एकट्याच्या हाती व्यवहार नको, म्हणून दुसरा विश्वस्त. ह्यांचं आणि माझं मृत्युपत्र वेगवेगळं केलं, कारण ज्याचं जे आहे त्याचंच देता येतं.

दुय्यम निबंधकाकडे काही अडलं नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्तीही नाही, तरी आम्ही केली. दोन साक्षीदार हवेतच, आणि त्यांच्या वाट्याला त्यातलं काही येणार नसावं. आम्ही दोघं सही करताना पूर्ण शुद्धीत आहोत, असा डॉक्टरचा दाखला त्याच दिवशीचा घेतला.

खरी रखडपट्टी पुढे. मृत्युपत्रात ‘आमच्यामागे ताईने सांभाळावं’ असं लिहिलं तरी तो फक्त इच्छेचा भाग. मृत्युपत्राने पालक नेमता येतो तो अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलासाठी. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते.

लेकीला पालक नेमा असा अर्ज मी दिला. टेबलावरच्या साहेबांनी फाइल न उघडताच विचारलं, “आई, तुम्ही आहात ना? मग मुलगी कशाला?” आम्ही नसू तेव्हा अर्ज कोण करणार, हे सांगून झालं. “तेव्हाचं तेव्हा बघू,” म्हणाले. पुढच्या खेपेला कलम १४ ची प्रत घेऊन गेले. त्यात स्पष्ट आहे की आईवडील किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या कोणत्याही व्यक्तीसाठी अर्ज करू शकतात. साहेबांनी ते बोट ठेवून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “बैठक लागू द्या.”

बैठक काही लागेना. कधी निवडणूक, कधी अतिवृष्टी, कधी साहेब दौऱ्यावर. कायद्यात तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक घ्यायची आहे. ते तोंडी सांगितलं तर नुसती मान हलवायचे. शेवटी मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात एवढंच विचारलं: गेल्या वर्षभरात समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या? उत्तराच्या आधी बैठकीचाच फोन आला. विनवण्यांपेक्षा तारखा विचारा, असा माझा सल्ला.

बैठकीत समितीने मुलाला विचारलं, “ही कोण?” तो म्हणाला, “ताई. ती ओरडते.” सगळे हसले, लेक सोडून. मग समितीतल्या एका बाईंनी त्याला “ताईकडे राहायला आवडेल का?” असंही विचारलं, हे मला बरं वाटलं. आदेश नंतर पोस्टाने आला.

हे आधी सांगायला हवं होतं: मृत्युपत्रात एफडीचे नंबर घालू नका. नूतनीकरणात ते बदलतात. ‘त्या वेळी माझ्या नावे असतील त्या सर्व ठेवी’ पुरतं. बँकेतली नॉमिनी लेकच आहे, पण नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. ते मृत्युपत्राप्रमाणेच द्यायचे, हे तिला आणि मामेभावाला समोर बसवून सांगितलं. दोघांकडे एकेक प्रत आहे.

लेकीला मात्र आता काम लागलंय. नेमणुकीपासून सहा महिन्यांत भावाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. सध्या त्याचं एक बचत खातं तेवढं आहे. तरी यादी मी त्याच टेबलावर देऊन पोच घ्यायला सांगितली आहे, शिक्क्यासकट.