अंजनेरीचा मेसेज, आवृत्ती पाचवी

त्र्यंबकजवळच्या अंजनेरी किल्ल्याच्या पावसाळी ट्रेकचा आपला ग्रुप-मेसेज आत्तापर्यंत चारदा बदललाय. पहिला तीन ओळींचा होता: रविवारी सहाला सीबीएस, डबा-पाणी आणा, पाऊस असला तरी जाणार. त्या शेवटच्या ओळीवर सगळ्यांनी अंगठे टाकले होते, मीही टाकला होता. आता पाचवी आवृत्ती देतोय. गेल्या जुलैत जे नव्हते त्यांना यातलं बरंच काही उगाच कडक वाटेल, म्हणून आधी त्या दिवशीचा हिशोब मांडतो.

आम्ही चौदा जण होतो. गावातून वर जाणारा रस्ता संपला की पायवाट घळीत शिरते आणि दगडी पायऱ्या लागतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ७:४० ला पायऱ्यांच्या तळाशी पोचलो तेव्हा पाणी बुटाच्या तळव्याएवढं होतं, स्वच्छ, खालचा दगड दिसत होता. लेण्यापाशी फोटो झाले, माकडांनी एकाची चिक्कीची पिशवी पळवली, आणि नऊच्या आत पठारावर अंजनीमातेच्या मंदिराशी आलो. तिथे नुसती भुरभुर होती. समोरचा वरचा टप्पा मात्र पूर्ण ढगात होता, आणि त्या ढगात काय चाललंय याचा विचार कुणी केला नाही. तळ्याजवळ बसून डबे खाल्ले. मग पाऊस आमच्यावरही आला, तेव्हा उठलो.

१०:४० ला घळीच्या वरच्या तोंडाशी परत आलो तर पायऱ्या नव्हत्याच. म्हणजे होत्या, पण वरून दुधाच्या चहासारखं पाणी कोसळत होतं आणि त्यात काड्या, पानं, एक चप्पल. आवाजामुळे शेजारच्याचं बोलणंही नीट ऐकू येईना. एक जण म्हणाला, "हात धरून साखळी करू, दहा मिनिटांचं काम आहे." आमच्यातले काका तिथेच दगडावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही उतरा, मी बघतो." त्यांनी तसं म्हटल्यावर कुणी उतरलं नाही.

यामागचं कारण सोपं आहे. वरच्या टप्प्यावर आणि पठारावर पडलेलं पाणी उताराने याच घळीकडे येतं. कातळावर माती पातळ, त्यामुळे जिरायला जागा नाही. म्हणून घळीत पाऊस नसतानाही घळ भरू शकते. पण पठार काही मैलोन्मैल नाही. पाणी लवकर चढतं तसं लवकर उतरतंही, फक्त वरचा जोर थांबायला हवा. त्या दिवशी सव्वाअकराला पाऊस कमी झाला, साडेबाराला पायऱ्यांच्या कडा दिसायला लागल्या, १२:५० ला आम्ही एकेक करून उतरायला लागलो. साखळी केली असती तर एकाचा पाय सुटल्यावर बाकीचेही खाली गेले असते. तीव्र उतारावरच्या वाहत्या पाण्यात हात धरून कुणी सावरत नाही, उलट ओढला जातो.

थोडक्यात, दोन तास थांबलो. यंदाच्या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक ओळ त्या दोन तासांतून आलीय. हा घ्या मेसेज:

"रविवार, अंजनेरी. पहाटे ५:४५ ला पपया नर्सरीच्या चौकात, त्र्यंबककडे जाणाऱ्या बाजूला. ६:०० ला गाड्या निघतील, फोन करून थांबवू नये. जास्तीत जास्त १५ जण. नाव शुक्रवारी रात्री ९ पर्यंत, सोबत रक्तगट आणि घरच्या एकाचा नंबर."

सीबीएस बंद केलं, कारण सातपूर, सिडको, पाथर्डी फाटा या बाजूच्यांना आधी उलटं शहरात यावं लागायचं आणि पंधरा-वीस मिनिटं तिथेच जायची. सकाळची वीस मिनिटं म्हणजे काय ते खाली कळेल. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या आधीचा रविवार आपण धरत नाही. ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबक रोडवर माणसांचा पूर असतो, वाहनं अडवतात, आणि काही झालंच तर रुग्णवाहिकेलाही त्याच गर्दीतून वाट काढावी लागणार.

"परतायचं कधी: शुक्रवारी आणि शनिवारी रात्री हवामान खात्याचा इशारा बघू. घाटासाठी ऑरेंज किंवा रेड असेल तर ट्रेक रद्द, चर्चा नाही. वनखात्याने वाट बंद केली तरी रद्द. ७:४० ला खुणेच्या पायरीवर पाणी घोट्याला लागत असेल किंवा गढूळ असेल तर तिथूनच माघारी. कुठेही असलो तरी ९:३० ला वळायचं. १०:१५ ला सगळे घळीच्या खाली."

यात दोन गोष्टी नव्या लोकांना सांगायला हव्यात. इशारा बघताना नाशिक जिल्ह्याची ओळ बघून खूश होऊ नका, नाशिकच्या घाटाची ओळ वेगळी असते ती बघा. येवल्यात धूळ उडत असते तेव्हा त्र्यंबकला ओढे भरलेले असतात, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात येतात. ऑरेंज म्हणजे साधारण ११५ मिलिमीटरच्या पुढचा पाऊस काही ठिकाणी होऊ शकतो. तो नेमका आपल्या डोक्यावरच पडेल असं नाही, पण घळीत अडकायला त्याच्या निम्माही पुरतो. म्हणूनच यलो असेल तर निर्णय पायरीवर, आणि काही इशारा नसला तरी पायरी बघायचीच.

खुणेची पायरी म्हणजे तळापासून पहिल्या वळणावरची, जिचा उजवा कोपरा तुटलाय ती. जाताना तिथे बूट ठेवून फोटो काढतो, वेळेसकट. माझ्याकडे आता चार ट्रेकचे असे फोटो आहेत: एकदा कोरडी, दोनदा तळव्याएवढं पाणी, आणि गेल्या सप्टेंबरला घोट्याला लागणारं. त्या सप्टेंबरला आपण तिथूनच परतलो, नाश्ता करून दहाला घरी. काही जण अजून चिडलेले आहेत, चालेल. फोटोचा फायदा असा की "मला तर कमीच वाटलं" हा वाद होत नाही. पण पायरी फक्त आत्ताचं सांगते. पुढचं सांगतो तो रंग. स्वच्छ पाणी तांबूस व्हायला लागलं, पानं-काड्या यायला लागल्या, की वर जोर झालाय असं समजा आणि घळ सोडा, वर जवळ असेल तर वर, खाली जवळ असेल तर खाली. घळीत मधे थांबून विचार करू नका.

९:३० ची वेळ मात्र सगळ्यांना जाचते, कारण माथ्यावरचं देऊळ त्यात बसेलच असं नाही. हळू चालणारा असेल तर नाहीच बसत. म्हणून पहाटेची वीस मिनिटं. जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरनंतर दुपारी विजांचा पाऊस येतो, तेव्हा उघड्या पठारावर आपणच सगळ्यात उंच असतो. त्या दिवसांत हीच वेळ विजेसाठीही उपयोगी पडते. दामिनी अ‍ॅप प्रत्येकाने टाकून ठेवा, पण वर नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे कान उघडे ठेवा. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या आवाक्यात आहोत.

"सामान: पकड असलेले बूट, आधी वापरलेले. रेन जॅकेट, पोंचो नको, छत्री नको. टी-शर्ट, मोजे, पातळ स्वेटर, टोपी, सगळं एका जाड प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून सॅकमध्ये. हेडटॉर्च. शिट्टी. पूर्ण चार्ज फोन, वर गेल्यावर एअरप्लेन मोडवर. स्वतःची औषधं. खायचं सॅकच्या आत, हातात पिशवी नको."

चालताना यातलं निम्मं लागत नाही. लागतं ते थांबल्यावर. त्या दोन तासांत पहिल्या अर्ध्या तासानंतर दोघींना हुडहुडी भरली, एकीला बाटलीचं झाकण उघडता येईना. जुलैतल्या नाशिकमध्ये थंडी कसली म्हणणाऱ्यांनी ओल्या कपड्यात पठारावरच्या वाऱ्यात उभं राहून बघावं. कोरडा टी-शर्ट आणि टोपी मिळाल्यावर वीस मिनिटांत ती बोलायला लागली. सॅकचं कव्हर पुरत नाही, पाठीकडून पाणी शिरतंच, म्हणून आत पिशवी. पोंचो पायाखालची पायरी झाकतो आणि वाऱ्यात तोंडावर येतो. शिट्टीचे मिनिटाला सहा आवाज म्हणजे मदत हवी, उत्तर तीन. गंमत म्हणून वाजवू नका.

"पाणी: माणशी अडीच लिटर, त्यातला अर्धा लिटर ९:३० पर्यंत उघडायचा नाही. ओआरएसची दोन पाकिटं."

पावसात तहान लागत नाही, म्हणून सगळे एकच बाटली आणतात आणि मग उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात. ओलं अंग घामही लपवतं. सकाळी निघण्याआधी घरीच दोन ग्लास प्या. ओआरएसचं पाकीट ज्या लिटरवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण टाकायचं, चवीसाठी अर्धं-अर्धं नाही. पठारावरचं वाहतं पाणी कितीही चकचकीत दिसलं तरी वर गुरं चरतात. तळ्याचं तर नकोच.

"खालचा माणूस: एक काका ट्रेकला न येता नाशिकमध्ये थांबतील. त्यांचा नंबर वर पिन केलाय, घरच्यांना हाच द्या. खाली आलो की मी त्यांना 'खाली, पंधरा' असा मेसेज टाकेन. १२ पर्यंत तो आला नाही तर ते मला आणि सगळ्यात मागे चालणाऱ्या शेपटीच्या माणसाला फोन करतील, १२:३० ला गावातल्या ओळखीच्या चहावाल्याला, १:३० ला ११२."

गेल्या वेळी खालचा माणूस नव्हता. नेटवर्क नसल्याने सात घरांतून सात फोन एकमेकांना जात होते, एका घरी कुणी "वाहून गेले" असंही सांगून टाकलं. आता फोन एकालाच. त्याने ११२ ला काय सांगायचं तेही लिहून दिलंय: अंजनेरी किल्ला, तालुका त्र्यंबकेश्वर, गावाकडून पायऱ्यांची वाट, पंधरा जण, शेवटचा मेसेज किती वाजता आणि कुठून. फक्त "मुलं डोंगरावर अडकलीत" म्हटलं तर समोरच्या माणसाचा कुठला डोंगर ते विचारण्यातच वेळ जातो. वरून आपल्याला फोन करायचा असेल तर आधी ११२. आपल्या सिमची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर तो लागू शकतो. नुसती दुखापत असेल आणि माणूस रस्त्यापर्यंत आणलेला असेल तर १०८.

आणि आपण थांबलो असू, सगळे ठीक असू, तर तसा मेसेज रेंज मिळेल तिथून लगेच: "वर, पंधरा, ठीक, पाणी उतरायची वाट." असा मेसेज आला की काका दीडचा फोन साडेतीनवर ढकलतील.

आत्तापर्यंत अकरा नावं आलीत. दोघांनी रक्तगट लिहिलेला नाही.