बापाचं शून्य, लेकाचे चव्वेचाळीस हजार

मी बी.कॉम. करून सातपूरच्या एका कर सल्लागारांकडे काम करते. सीए नाही, होण्याचा विचारही आता नाही. वर्षभर जीएसटीची रिटर्न भरते आणि सीझनला इन्कम टॅक्सची. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे आकडे भरणं. आकडे आता पोर्टलच बरेचसे भरून देतं. आमचा खरा वेळ जातो ओटीपी मिळवण्यात आणि माणसाला न विचारलेली गोष्ट त्याच्याकडून काढून घेण्यात.

2025 साली इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायची 31 जुलैची तारीख वाढून 15 सप्टेंबर झाली, तेव्हा वाटलं यंदा निवांत. पण तारीख वाढली की लोक तेवढेच उशिरा येतात. 14 सप्टेंबरचा तो रविवार. पितृपक्ष लागलेला, त्यामुळे दुकानांना गिऱ्हाईक कमी, म्हणून व्यापारी मंडळी नेमकी त्याच दिवशी आमच्याकडे. पोर्टल मधूनच लॉगआऊट करत होतं. दुपारी हार्डवेअर आणि रंगाचं दुकान असलेले आमचे जुने काका आले आणि या वेळी सोबत मुलालाही घेऊन आले. मुलगा अंबडच्या एका कंपनीत इंजिनिअर. बँकेत गृहकर्जाची बोलणी चालू होती, वडील सहकर्जदार, आणि बँकेने दोघांची रिटर्न मागितलेली.

मुलाने कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा एक दाखला, फॉर्म 16, पुढे केला आणि म्हणाला, "मॅडम, माझा टीडीएस शून्य आहे, पाच मिनिटांचं काम. जमलं तर थोडा रिफंड बघा."

टीडीएस शून्य, म्हणजे पगारातून कर कापलेलाच नाही, आणि रिफंड बघा! ही मागणी मी इतक्या वेळा ऐकते की आता हसूही येत नाही. रिफंड म्हणजे सरकारकडे जास्तीचा गेलेला आपलाच पैसा. गेलाच नसेल तर परत काय येणार? पण त्याच्या कंपनीतल्या मित्राला कोणीतरी तीस हजार काढून दिले होते, रिफंडवर टक्केवारी घेणारा एक जण आहे. असले लोक राजकीय पक्षांना दिलेल्या खोट्या देणग्या दाखवतात. जुलै 2025 मध्ये खात्याने देशभर अशाच मध्यस्थांवर कारवाई सुरू केली, तरी यांची दुकानं चालूच. नोटीस आली की तो माणूस फोन उचलत नाही आणि कागद घेऊन पक्षकार आमच्याकडे येतो.

मी सवयीने आधी एआयएस, म्हणजे पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण, उघडलं. फॉर्म 16 कंपनी सांगते ते सांगतो, एआयएस खात्याला काय माहीत आहे ते सांगतं, म्हणून मी नेहमी त्यापासून सुरू करते. त्यात पगाराच्या TDS-Ann.II-SAL या ओळी दोन होत्या. एक त्याच्या आताच्या कंपनीची, 5 लाख 40 हजार. दुसरी वेगळ्याच कंपनीची, 4 लाख 20 हजार.

"ही कुठली?"

"ती जुनी. सप्टेंबरपर्यंत होतो. पण तिथेही टॅक्स कापला नाही, म्हणजे कापलेला त्यांनी शेवटच्या हिशेबात परत दिला. म्हणजे ती विषयच नाही ना?"

विषय तोच होता. जुन्या कंपनीत महिना 70 हजार, सहा महिने. नव्या कंपनीत 90 हजार, सहा महिने. जुनीने 4 लाख 20 हजारांतून 75 हजारांची प्रमाणित वजावट दिली, उरले 3 लाख 45 हजार. नवीने 5 लाख 40 हजारांतून पुन्हा तेच 75 हजार वजा केले, उरले 4 लाख 65 हजार. कराच्या नव्या पद्धतीत त्या वर्षी, म्हणजे 2024-25 ला, 7 लाखांपर्यंत करसवलत, त्यामुळे दोघींनीही आपापल्या हिशेबाने बरोबर शून्य कापलं. पण वर्ष एकच आणि माणूस एकच. दोन्ही मिळून 9 लाख 60 हजार, वजावट एकदाच, म्हणजे 8 लाख 85 हजार, सवलतीच्या बाहेर. 3 ते 7 लाखांवर पाच टक्क्यांनी 20 हजार, वरच्या 1 लाख 85 हजारांवर दहा टक्क्यांनी साडेअठरा हजार. उपकर धरून 40,040. शिवाय वर्षभरात आगाऊ कर भरला नाही म्हणून व्याज: 234बी खाली एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांचे 2,400 आणि चारही हप्ते चुकल्याचे 234सी खाली 2,020. एकूण 44,460.

तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जुनी पद्धत लावा. एलआयसी आहे. पीएफ आहे. आणि बाबांना भाडं देतो असं दाखवू."

भाडं तो देत नव्हता, ते बाबांच्या चेहऱ्यावरच दिसलं. तरी मी त्याच्यासमोर आकडे टाकले, कारण नाही म्हटलं तर लोक दुसरीकडे जातात आणि आकडा दाखवला तर गप्प बसतात. 50 हजार प्रमाणित वजावट, विमा आणि पीएफचे 90 हजार, वर खोट्या भाड्याचे 1 लाख 20 हजार धरले तरी उत्पन्न 7 लाख उरतं आणि जुन्या पद्धतीत त्यावर कर येतो 54,600. खोटं बोलूनही साडेचौदा हजार जास्त. खोटं काढून टाकलं तर आणखी वर.

मी विचारलं, नव्या कंपनीत रुजू होताना फॉर्म 12बी का दिला नाही? जुन्या पगाराचा तपशील त्या फॉर्मवर नव्या कंपनीला द्यायचा असतो, मग ती दोन्ही पगार धरून दरमहा कर कापते आणि हा डोंगर एकदम अंगावर येत नाही. आधी म्हणाला, एचआरने विचारलंच नाही. एचआरवाले खरंच विचारत नाहीत, फॉर्म दिला तर घेतात, याचा मला दरवर्षी संताप येतो. पण मग वडील पाणी प्यायला उठले तसा हळूच म्हणाला, "मॅडम, मुलाखतीत मी जुना पगार 82 हजार सांगितला होता. छोटी कंपनी, स्लिपा मागितल्या नाहीत. फॉर्म दिला असता तर कळलं असतं." आणि लगेच पुढचा प्रश्न, "रिटर्न भरलं तर कंपनीला कळेल का?"

कळत नाही. रिटर्न त्याच्या आणि खात्याच्या मधलं. हे सांगितल्यावर तो इतका मोकळा झाला की 44 हजारांचं दुःख घटकाभर विसरला. बारा हजारांच्या थापेसाठी माणूस वर्षभर कर तुंबवतो, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही. पण त्या थापेने त्याला 90 हजारांची नोकरी मिळाली हेही खरं.

मग काकांचं रिटर्न. आयटीआर-4, कलम 44एडी, म्हणजे उलाढालीच्या टक्क्याने अंदाजे नफा धरायचा. उलाढाल 42 लाख. जीएसटीत तीच गेलेली आणि एआयएसमध्ये दिसते, त्यामुळे ती हलवता येत नाही. त्यातले 30 लाख बँकेतून आणि यूपीआयवर आलेले, 12 लाख रोख. बँकेतल्या रकमेवर किमान 6 टक्के, रोखीवर किमान 8 टक्के नफा धरायचा: 1 लाख 80 हजार अधिक 96 हजार, 2 लाख 76 हजार. मागच्या वर्षांतही असंच पावणेतीन लाखांच्या आसपास. कर शून्य. फॉर्ममध्ये 31 मार्चची रोख शिल्लक विचारतात, त्यावर काका नेहमीप्रमाणे म्हणाले, "लिहा काहीतरी ताई." सगळेच हेच म्हणतात.

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. "बाबांचं शून्य? दुकान यांचं, गाडी यांची, घर यांच्या नावावर. आणि माझे चव्वेचाळीस हजार?"

काका ओशाळून हसले. मला उत्तर देता आलं नाही. नियमांनी उत्तर सोपं आहे: पगाराचा रुपया कंपनी खात्याला कळवते, दुकानाचा नफा दुकानदार कळवतो आणि छोट्या दुकानाच्या वह्या तपासत बसण्यापेक्षा सरकारने अंदाजाचा टक्का घेतला. पण कायद्यात 6 आणि 8 टक्के ही खालची मर्यादा आहे, प्रत्यक्षात जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं असतं. हे वाक्य आमच्या ऑफिसात कोणी मोठ्याने म्हणत नाही. सर तर म्हणतात, किमान टाका आणि पुढची फाईल घ्या.

मी काकांना विचारलं, खरं किती सुटतं? पाइप-फिटिंगमध्ये कमी, रंगात बरं, सरासरी बाराएक टक्के सुटतात म्हणाले. म्हणजे पाच लाख. मी तेही टाकून दाखवलं: 5 लाख 4 हजारांवर कर 10,200 निघतो आणि 87ए च्या त्याच सात लाखांच्या सवलतीत सगळा जातो. शून्य! पावणेतीन लाखांवर शून्य, पाच लाखांवरही शून्य. 2019-20 पासून पाच लाखांपर्यंत आणि पुढे नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत सवलत असताना आम्ही त्यांचं रिटर्न अडीच-तीन लाखांच्या जुन्या भीतीवर भरत आलो. लपवून वाचलं काहीच नाही, उलट आता बँक पावणेतीन लाखांच्या सहकर्जदाराकडे बघून नाक मुरडत होती.

"मग पाच लाख टाका की," काका म्हणाले. सरांना ते पटलं नाही. एकदम दुप्पट दिसलं तर प्रश्न येतील, जुन्या वर्षांशी जुळतं ठेव, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी म्हटलं, नफा खरोखर तेवढा आहे आणि काका स्वतः सांगतायत. सर काही बोलले नाहीत, फोन घेऊन बाहेर गेले. मी पाच लाख चार हजार भरले, रोख शिल्लक काकांना दुकानात फोन लावून वहीतून वाचून घ्यायला लावली आणि आधार ओटीपीने पडताळणी केली.

तरी एक गोष्ट मनात राहते. काकांनी पाच लाख कर्जासाठी दाखवले. कर्ज नसतं आणि मी विचारलं नसतं, तर पावणेतीनच गेले असते, आणि ते मीच भरले असते.

मुलाकडे त्या दिवशी पैसे नव्हते, पगार महिनाअखेरीला. कर न भरता रिटर्न टाकता येतं, पण मग मागणीची नोटीस येते आणि व्याज चालूच राहतं. काकांनी मुलाला पैसे पाठवले. मी चलन करताना निर्धारण वर्ष 2025-26, म्हणजे 2024-25 च्या उत्पन्नाचं, आणि प्रकार 300, म्हणजे रिटर्नबरोबर भरायचा स्वयंनिर्धारण कर, दोनदा तपासला, कारण घाईत लोक 100 निवडतात, आणि मग भरलेला पैसा आगाऊ कर म्हणून नोंदला जातो. पोर्टल रखडत होतं, त्याचं रिटर्न संध्याकाळी गेलं. 15 तारखेच्या रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढवून मिळाला, तो आमच्या उरलेल्या फायलींच्या कामी आला.

पुढच्या सीझनची मला जास्त धास्ती आहे. 2025-26 या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नापासून सवलत 12 लाखांपर्यंत गेली. दोन कंपन्यांत सहा-सहा महिने आठ-आठ लाख मिळाले तर दोघीही शून्य कापतील, आणि एकत्र 16 लाखांवर, वजावट एकदा धरून, कर येईल 1 लाख 13 हजार 100, व्याज वेगळं. म्हणून यंदा कोणी तरुण पक्षकार दुसऱ्या कामासाठी आला तरी मी आधी विचारते, वर्षात नोकरी बदलली का. बदलली असेल तर जुन्या कंपनीचा पगार सांगा, आपण 15 मार्चच्या आत आगाऊ कर भरून टाकू. बरेच जण म्हणतात, "पण टीडीएस शून्य आहे ना मॅडम."